एक वाजताची पानं

बायकोचं उजवं मनगट मोडलं आणि प्लास्टर सहा आठवड्यांसाठी घातलं गेलं. तोपर्यंत घरात मी भात लावत होतो, चहा करत होतो, अधूनमधून एखादी भाजीही करत होतो. पण वरण, भात, भाजी, पोळी असा सगळा स्वयंपाक एकट्याने करून पाच माणसांची पानं एका वेळी मांडायची, हे काम माझ्याकडे कधी आलं नव्हतं. पहिल्या दोन दिवसांत लक्षात आलं की यातला एकेक पदार्थ मला जमतोय. जमत नाहीये ते सगळे पदार्थ एका वेळी गरम असणं.

तिसऱ्या दिवशी जेवताना बायको सहज म्हणाली, "गरम पोळी मी शेवटची कधी खाल्ली ते आठवत नाही." तक्रार नव्हती ती. आमच्याकडे कायम ती पोळ्या लाटायची, आम्ही तव्यावरून थेट पानात घ्यायचो आणि आमचं झालं की ती बसायची. तिचा भात तोवर निवलेला, भाजी कढईच्या तळाशी उरलेली. ते वाक्य माझ्या मनात राहिलं. पाचही जण एका वेळी बसतील, स्वयंपाक करणाराही त्यात असेल आणि सगळ्यांच्या पानात सगळं गरम असेल, हे जमवायचंच असं मी ठरवलं.

आमच्याकडे दोन शेगड्यांचा गॅस आहे, एक मोठी आणि एक लहान. पाच लिटरचा कुकर एक, तवा एक. आई स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची घेऊन बसते आणि बायको समोरच्या स्टुलावर. दोघी बोलत होत्या, हात माझे चालत होते.

पहिल्या आठवड्यात मी पोळ्या आधी करत होतो. त्या अवघड वाटायच्या, म्हणून आधी संपवाव्यात असा हिशोब. साडेअकराला सुरू करायचो, पंधरा पोळ्यांना जवळजवळ पाऊण तास जायचा, मग कुकर, मग भाजी, शेवटी आमटी. एकच्या सुमारास बसलो की भात इतका कढत असायचा की बोट लावता यायचं नाही, आणि पोळ्या मात्र थंड, कडेने वातड झालेल्या. त्या पुन्हा तव्यावर टाकून बघितल्या. गरम झाल्या, पण पापडासारख्या कडक.

आईने दोन दिवस पाहिलं आणि म्हणाली, "अरे, कुकरला माणूस लागत नाही, पोळीला लागतो. आणि भात जागच्या जागी अर्धा तास गरम राहतो, पोळी राहते का? मग आधी काय करायचं?"

तोवर मी प्रत्येक पदार्थाला एकच प्रश्न विचारत होतो, शिजायला किती वेळ लागतो. आईच्या बोलण्यात आणखी दोन प्रश्न होते. झाल्यावर तो किती वेळ गरम राहतो, आणि होत असताना माझे हात किती अडकवतो. त्या रात्री वहीत चार पदार्थ लिहिले आणि पुढचे पाच-सहा दिवस घड्याळ लावून प्रत्येकासमोर हे तिन्ही आकडे भरत गेलो.

कुकरचे आकडे मला सगळ्यात जास्त शिकवून गेले. खालच्या डब्यात एक वाटी तूरडाळ, तिला अडीच ते तीन वाट्या पाणी, हळद, हिंग, थेंबभर तेल. वरच्या डब्यात दीड वाटी तांदूळ आणि तीन वाट्या पाणी. तांदूळ नवा असेल तर पाणी थोडं कमी. कुकरच्या बुडाशी दोन फुलपात्री पाणी. मोठ्या शेगडीवर ठेवल्यापासून पहिली शिट्टी यायला नऊ ते दहा मिनिटं लागायची. चार शिट्ट्या होईपर्यंत सतरा-अठरा मिनिटं जायची. मी तोवर समजत होतो की गॅस बंद केला की काम झालं. खरं तर त्यानंतर वाफ आपोआप जिरायला आणखी बारा ते पंधरा मिनिटं लागतात, आणि ती मिनिटं शिजण्यातच धरायची असतात. आत दाब असतो तोवर तापमान उकळत्या पाण्यापेक्षा वर असतं. भाताचं शीत त्या वेळात आतपर्यंत फुलतं आणि डाळीचा दाणा मऊ पडतो.

हे कळायला एक दिवस फुकट गेला. उशीर होत होता, म्हणून कुकर नळाखाली धरला आणि झाकण लवकर उघडलं. बाहेरून दाब एकदम उतरला, पण आतली डाळ अजून शंभर अंशांच्या वर होती. दाब जाताच ती भसकन उकळली आणि डब्यातून उतू गेली. कुकरच्या बुडाशी पिवळं पाणी, डब्यात अर्धी डाळ. वरचा भात कडेने शिजलेला आणि मधोमध दाताखाली कणी लागणारा. वाचवली होती आठ मिनिटं. डाळ पुन्हा शिजवायला वीस लागली. तेव्हापासून ती पंधरा मिनिटं मी वेळापत्रकात स्वतंत्र धरतो आणि त्यांना हात लावत नाही.

त्याची दुसरी बाजू मात्र फार उपयोगाची निघाली. वाफ जिरल्यावरही झाकण उघडलं नाही, तर आतलं सगळं आणखी वीस मिनिटं तरी कढत राहतं. बुडाशी गरम पाणी आहे, जाड भांडं आहे, वर झाकण आहे. म्हणजे कुकर एकपेक्षा पस्तीस मिनिटं आधी बंद झाला तरी काही बिघडत नाही. चौघांत जास्तीत जास्त थांबू शकतो तो भात, आणि त्याला मी पोळ्यांच्या नंतर ठेवत होतो.

डाळ आणि तांदूळ एकाच कुकरात असले की दोघांना वेळ एकच मिळते, पण डाळीला जास्त हवी असते. म्हणून डाळ अर्धा तास भिजवायची आणि खालच्या डब्यात ठेवायची. भिजवली नाही तर चार शिट्ट्यांत डाळ दातात सापडते, आणि तिच्यासाठी शिट्ट्या वाढवल्या तर भाताचा गोळा होतो. आंबटही आधी घालत नाही. आमसुलं डाळ शिजल्यावरच, कारण आंबटात डाळ लवकर मऊ होत नाही.

भाजीचे आकडे मधले होते. फ्लॉवर-बटाट्याच्या सुक्या भाजीला, अर्धा किलो फ्लॉवर आणि तीन मध्यम बटाटे धरले, तर अठरा मिनिटं लागली. फोडणी दोन मिनिटं, मग बटाटे एकटे सहा-सात मिनिटं, मग फ्लॉवर आणि मीठ घालून आठ-नऊ मिनिटं. झाकणावर पाणी ठेवायचं, म्हणजे आत वाफ कोंडते आणि भाजी तळाला लागत नाही. हात दर तीन-चार मिनिटांनी लागतो, पण दहा सेकंदांपुरता. गरम किती वेळ राहते ते बघितलं तर झाकलेल्या जाड कढईत पंधरा मिनिटं छान, पुढे कोमट. पण इथे एक खोच आहे. झाकून ठेवलेली भाजी आपल्याच वाफेत शिजत राहते, आणि फ्लॉवरचे तुरे अर्ध्या तासात लगदा होतात. म्हणून भाजी लवकर करायची असेल तर ती पूर्ण शिजवायची नाही. बटाट्यात सुरीचं टोक जातं पण शेवटी किंचित अडतं, फ्लॉवरचं देठ अजून उभं राहतं, त्या क्षणी बंद. उरलेली कसर जेवायच्या आधी तीन-चार मिनिटांत भरून काढायची.

आमटी या सगळ्यांत समजूतदार. डाळ शिजलेली असली की फोडणीला तीन मिनिटं, गूळ-आमसूल-गोडा मसाला घालून उकळायला सात-आठ. उकळत ठेवली की तिला कोणी लागत नाही आणि खाली उतरवल्यावरही पातळ-दाट असली तरी दहा मिनिटं वाफाळती राहते. म्हणून तिचा नंबर शेवटच्या टप्प्यात, आणि तीही पोळ्या चालू असतानाच.

राहिली पोळी. तिच्यासमोर तिन्ही रकाने अडचणीचे निघाले. एकटी पोळी पानात ठेवली तर दोन-तीन मिनिटांत निवते, कारण ती पातळ आणि पसरट, सगळीकडून हवा लागणारी. होत असताना दोन्ही हात आणि डोळेही अडकतात. आणि एका तव्यावर एका वेळी एकच होते. म्हणजे घाई करून वेळ वाचवायची जागाच नाही. पंधरा पोळ्यांचा वेळ हाच माझ्या सगळ्या स्वयंपाकाचा कणा होता, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला बसवायचं होतं.

सुरुवातीला मला एका पोळीला तीन मिनिटं लागत होती. लाटायची, तव्यावर टाकायची, भाजेपर्यंत बघत उभं राहायचं, मग पुढचा उंडा. बायकोने स्टुलावरूनच ते मोडून काढलं. "तव्यावर टाकलीस की लगेच पुढची घे. पहिली बाजू बदलली की लाटायला लाग, नजर तव्याकडे ठेव." तिसऱ्या आठवड्यापर्यंत मी पावणेदोन मिनिटांना एक पोळी या गतीला आलो. तिच्या वेगापर्यंत मी पोचलो नाही आणि त्याची गरजही पडली नाही. गती स्थिर असणं महत्त्वाचं होतं, कारण त्यावरून मागचं वेळापत्रक मोजता येत होतं. पंधरा पोळ्या, सव्वीस मिनिटं.

ती गती टिकायची तर कणीक साथ देणारी हवी. पंधरा पोळ्यांना सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास कणीक घेत होतो. तिंबून लगेच लाटायला घेतली की लाटलेली पोळी परत आक्रसते, लाटणं दोनदा जास्त फिरवावं लागतं आणि प्रत्येक पोळीमागे वीस सेकंद जातात. पंधरांत ती पाच मिनिटं होतात. तेल लावून झाकून अर्धा तास मुरलेली कणीक मात्र लाटण्याखाली आपोआप पसरते. म्हणून कणीक अकरा चाळीसला तिंबून तयार, आणि उंडे भाजी शिजत असतानाच करून ओल्या फडक्याखाली.

गरम राहण्याचं उत्तर पोळ्यांच्या चवडीत सापडलं. एकटी पोळी निवते, पण एकावर एक ठेवलेल्या पोळ्या एकमेकींना धरून ठेवतात. आठ-दहांची चवड, खाली-वर सुती फडकं आणि बंद डबा, एवढं असलं तर पंचवीस मिनिटांपूर्वी केलेली तळाची पोळीसुद्धा हाताला चांगली ऊबदार लागते. डबाही आधी गरम हवा. मी त्यात उकळतं पाणी ओतून दोन मिनिटं ठेवतो आणि कोरडा पुसून घेतो. थंड स्टीलच्या डब्यात पहिल्या तीन पोळ्यांची ऊब डबाच खाऊन टाकतो.

पण फडकं नसलं आणि पोळी तव्यावरून थेट डब्यात गेली की झाकणाखाली पाण्याचे थेंब जमतात आणि वरच्या दोन पोळ्या ओलसर होऊन चिकटतात. एकदा धाकट्याच्या पानात अशी पोळी गेली आणि त्याने ती बाजूला सारली. तेव्हापासून प्रत्येक पोळी जाळीवर दहा-पंधरा सेकंद ठेवतो, वाफेचा पहिला लोट निघून गेला की तेल किंवा तूप लावून डब्यात. पुढची पोळी तव्यावर पलटेपर्यंत एवढा वेळ मिळतोच.

हे सगळे आकडे हाताशी आल्यावर मी एक वाजल्यापासून मागे मोजायला बसलो. चौथ्या आठवड्यातल्या रविवारी पहिल्यांदा ते पूर्ण जमलं, तो दिवस मी वहीत मिनिटांसह लिहून ठेवला आहे.

साडेअकराला डाळ भिजत घातली, तांदूळ धुऊन निथळत ठेवले. अकरा चाळीसला कणीक तिंबली. मग फ्लॉवर निवडला, बटाटे चिरले, फ्लॉवर मीठ घातलेल्या कोमट पाण्यात ठेवला. कोथिंबीर चिरून आणि खोबरं खवून वाटीत काढलं. आमटीच्या फोडणीचं सगळं, मोहरीपासून आमसुलापर्यंत, एका ताटलीत मांडलं. ताटलीचं हे काम मला आधी फालतू वाटायचं. पण पोळ्या चालू असताना गुळाचा डबा शोधायला लागलं की तव्यावरची पोळी करपते, हे दोनदा अनुभवलं होतं.

बारा पाचला कुकर मोठ्या शेगडीवर. बारा दहाला लहान शेगडीवर भाजीची फोडणी, त्यात बटाटे. झाकणावर पाणी ठेवून उंडे करायला घेतले. बारा पंधराला पहिली शिट्टी, वेळेवर. बारा अठराला फ्लॉवर कढईत. बारा तेवीसला चौथी शिट्टी झाली आणि गॅस बंद केला. कुकर दोन्ही कानांना धरून, हिसका न देता, ओट्याच्या कडेला लाकडी पाटावर ठेवला. थेट दगडी ओट्यावर ठेवला तर दगड उष्णता ओढून घेतो. बारा चोवीसला मोठ्या शेगडीवर तवा, मध्यम आचेवर. त्याला तापायला चार मिनिटं लागतात आणि तेवढ्यात भाजी माझ्या पाहिजे त्या टप्प्याला आली. बटाट्यात सुरी शेवटी अडली, गॅस बंद, झाकण तसंच.

बारा अठ्ठावीसला तव्यावर पाण्याचा थेंब टाकला. नाचून उडाला. पहिली पोळी पडली.

पुढची सोळा मिनिटं मी फक्त पोळपाट आणि तवा एवढंच बघत होतो. नऊ पोळ्या झाल्या. बारा चव्वेचाळीसला तव्याखालची आच अगदी बारीक केली. ही चार मिनिटांची सुट्टी मी मुद्दाम ठेवली होती. आधी पोळ्या लाटता लाटताच मी आमटीला फोडणी द्यायचा प्रयत्न करायचो. मोहरी तडतडेपर्यंत पोळी जळायची, पोळी सांभाळावी तर फोडणी काळी पडायची. दोन्हीकडे डोळे लागणारी कामं एकत्र चालत नाहीत, तिथे सरळ थांबावंच लागतं.

कुकरची वाफ तोवर केव्हाच जिरली होती. वजन उचलून बघितलं, काही आवाज नाही. झाकण काढलं. भाताचा डबा वर, म्हणून तो आधी काढावा लागतो. पूर्वी मी तो तसाच ओट्यावर ठेवून द्यायचो आणि वाढेपर्यंत भाताचा वरचा थर कोरडा पडायचा. आता डाळ बाहेर काढली की भात लगेच परत कुकरात, खाली गरम पाणी आहेच, आणि वरून झाकण नुसतं टेकवायचं. डाळ रवीने घोटली, लहान शेगडीवर फोडणी केली, डाळ ओतली, पाणी, मीठ, गूळ, आमसूल, मसाला. उकळी यायला लागली आणि मी पोळपाटाकडे वळलो. तव्यावर जमलेली जळकी पिठी कोरड्या फडक्याने पुसून घेतली, नाहीतर पुढच्या पोळीला काळे ठिपके येतात. आच वाढवली. बारा अठ्ठेचाळीस.

बारा चोपन्नला आमटी उतरवून झाकली आणि त्याच शेगडीवर भाजीची कढई, पाण्याचा एक हबका मारून. मुलीला सांगितलं, ताटं मांड, पाणी घे, लिंबू-मीठ-लोणचं वाढ. आधी हे मी शेवटी करत होतो आणि सगळं तयार असताना पाच मिनिटं वाट्या शोधण्यात जायची. त्या पाच मिनिटांत भाजी निवायची, म्हणून हे कामही मागे सरकवलं.

बारा अठ्ठावन्नला पंधरावी पोळी डब्यात गेली. भाजीवर खोबरं-कोथिंबीर. भात कुकरातून काढून उलथन्याने हलक्या हाताने मोकळा केला, वाफ वर आली.

एक वाजून दोन मिनिटांनी आम्ही पाचही जण बसलो होतो. बायकोच्या डाव्या हाताशी ताट ठेवलं. पोळीचे तुकडे मीच करून दिले, कारण एका हाताने तिला ते जमत नव्हतं. तिने पहिला घास घेतला आणि तळहात पोळीवर ठेवून बघितला, ती खरंच गरम आहे का ते. काही बोलली नाही. आईने मात्र आमटी फुंकून खाल्ली, आणि माझ्यासाठी ती फुंकर पुरेशी होती.

हे दर वेळी असंच जमतं असं नाही. एका गुरुवारी बारा पाचला कुकर ठेवला आणि बारा वीसपर्यंत शिट्टीच आली नाही. झाकणाच्या कडेने, कानाजवळून, सूं आवाज करत वाफ जात होती. रबर सैल झालं होतं. गॅस बंद करून थांबलो, उघडलं, रबर थंड पाण्यात बुडवून परत बसवलं, तेव्हा धरलं. पण तोवर बराच वेळ गेला होता. त्या दिवसापासून मला सवय लागली, कुकर ठेवल्यावर आठव्या मिनिटाला कडेला कान द्यायचा. वाफ शिट्टीच्या नळीतून येत असेल तर ठीक, कडेने येत असेल तर तेव्हाच दुरुस्त करायचं, पहिल्या शिट्टीची वाट बघत बसायचं नाही. आणि उशीर झालाच तर तवा ठेवायची वेळ मी पुढे सरकवतो, पोळ्या सुरू करून भाताची वाट बघत नाही. थांबायचं असेल तर ते पोळीच्या आधी, नंतर नाही.

भाजी बदलली की वेळ बदलतो, पण चौकट तीच राहते. पालेभाजी असेल तर दहा मिनिटांत होते. ती आधी करून ठेवली तर रंग जातो, म्हणून ती आमटीनंतर, अगदी शेवटी, आणि तेव्हा पोळ्यांतली सुट्टी दोनदा घ्यावी लागते. रस्साभाजी उलट, ती वाटेल तितकी आधी करता येते, आमटीसारखीच परत उकळून घ्यायची. भरली वांगी मी पोळीच्या दिवशी करणं सोडून दिलं. ती लहान शेगडी पाऊण तास अडवतात आणि आमटीला जागाच उरत नाही. त्या दिवशी भाकरी नाही, पोळी नाही, नुसता भात आणि वांगी.

या पद्धतीची हद्द मला पाचव्या आठवड्यात कळली. बहीण आणि तिच्या घरची मिळून आम्ही दहा जण जेवायला होतो. दहा जणांना तीस पोळ्या. माझ्या गतीने त्याला बावन्न मिनिटं, वर सुट्टीची चार. पहिली पोळी डब्यात तास-तासभर पडून राहणार, आणि तेवढा वेळ चवडही धरू शकत नाही. पंचवीस-तीस मिनिटांपुढे मधल्या पोळ्या कोमट होतात आणि तळाच्या ओलसर. तो हिशोब मी आदल्या रात्री वहीत मांडला आणि बायकोला दाखवला. गती वाढवून हे सुटणार नाही, लाटणारा आणि भाजणारा वेगळा हवा, हे दोघांनाही दिसलं.

"मी भाजते," ती म्हणाली. "उलथनं डाव्या हाताने धरता येईल मला."

मी नको म्हणालो, ती ऐकेना. मी लाटायचं आणि कच्ची पोळी तव्यावर टाकून द्यायची, तिने डाव्या हाताने पलटायची आणि जाळीवर घ्यायची. आईने खुर्ची ओट्याजवळ ओढून घेतली आणि जाळीवरून उचलून तूप लावून डब्यात ठेवायचं काम घेतलं. सुरुवातीच्या चार-पाच पोळ्या वेड्यावाकड्या पलटल्या गेल्या, मग तिचा डावा हात बसला. मला फक्त लाटायचं होतं, तव्याकडे बघायचं नव्हतं, त्यामुळे मी मिनिटाला एक देत होतो. तीस पोळ्यांना एकतीस मिनिटं लागली. मध्ये आमटीची फोडणी बहिणीने दिली.

एक वाजून पाच मिनिटांनी दहा पानं वाढली होती. बायकोचं पान आधी वाढलं, तळाची पोळी नाही, वरची.